अजिनोमोटो, उमामी आणि १३० जणांची चाचणी

प्रश्न: अजिनोमोटो म्हणजे नक्की काय? ते घातलेलं खाल्लं की माझं डोकं जड होतं, मान आखडते. ही अ‍ॅलर्जी आहे का?

अ‍ॅलर्जी नाही; अ‍ॅलर्जीत रोगप्रतिकारशक्ती जशी बिथरते तसं यात काही आढळलेलं नाही. पण तुम्हाला होणारा त्रास खोटा आहे असं मी अजिबात म्हणणार नाही.

ग्लुटामिक आम्ल हे प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल. त्याचा सोडियम क्षार म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, तेच अजिनोमोटो या नावाने विकलं जातं. प्रथिनात बांधलेलं असताना ग्लुटामेटला त्याची खास चव नसते, सुटं झालं की येते. म्हणून टोमॅटो पिकताना आणि चीज मुरताना चव भरत जाते. पुडीतलं ग्लुटामेट आणि टोमॅटोतलं ग्लुटामेट, रेणू एकच.

१९०८ मध्ये टोकियोत किकुनाए इकेदा यांनी कोम्बू या समुद्री शेवाळातून ते वेगळं काढलं आणि त्याच्या रश्श्यासारख्या भरदार चवीला 'उमामी' नाव दिलं. जिभेवरचा उमामीचा रिसेप्टर, म्हणजे ही चव टिपणारा रेणू, ग्लुटामेटभोवती शिंपल्यासारखा मिटतो. मांस-मासळीतलं इनोसिनेट नावाचं संयुग शेजारी बसून तो मिटलेलाच धरून ठेवतं. त्यामुळे दोन्ही एकत्र आले की चव बेरजेपेक्षा कितीतरी जास्त लागते.

आता त्रासाबद्दल. २००० साली अमेरिकेतली एक चाचणी प्रसिद्ध झाली, ती मला सगळ्यात बोलकी वाटते. 'आम्हाला हे सोसत नाही' असं स्वतःहून सांगणारे १३० जण घेतले. उपाशीपोटी एकदा ५ ग्रॅम ग्लुटामेट घातलेलं पेय, एकदा नुसतं पेय. कोणतं कधी, हे देणाऱ्यालाही माहीत नाही. ५० जणांना फक्त ग्लुटामेटने त्रास झाला, १७ जणांना फक्त नुसत्या पेयाने, १९ जणांना दोन्हींनी. म्हणजे ३६ जणांची लक्षणं ग्लुटामेट नसतानाही आली, आणि ती त्यांना खरोखरच जाणवली.

पण ५० आणि १७ हा फरकही मोठा आहे, तो झटकून टाकू नये. एवढा मोठा डोस रिकाम्या पोटी घेतला तर काहींना थोडा वेळ त्रास होतो, असं दिसतं. मात्र पेयात चव लपत नाही, ओळखू येऊ शकते. म्हणून पुढच्या टप्प्यांत ज्यांना त्रास झाला त्यांची पुन्हा परीक्षा झाली, शेवटी कॅप्सूलमधून. दर वेळी ग्लुटामेटनेच त्रास होणारे उरले दोन. त्यांनाही जेवणासोबत दिल्यावर तोच परिणाम सातत्याने दिसला नाही. एका वेळच्या पदार्थात ते साधारण अर्ध्या ग्रॅमहून कमी असतं, आणि जेवणातलं बहुतेक ग्लुटामेट आतड्याच्या पेशीच इंधन म्हणून वापरतात.

तुम्ही महिनाभर नोंद ठेवा: काय खाल्लं, किती खारट होतं, सोबत मद्य होतं का, त्रास किती वेळाने सुरू झाला. मुरलेलं चीज किंवा टोमॅटोचा दाट रस घेतल्यावर काय होतं तेही लिहा. त्यांनी काहीच होत नसेल, तर संशयाचा रोख त्या जेवणातल्या दुसऱ्या गोष्टींकडे वळवा. ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं किंवा दम लागणं असं काही झालं तर मात्र घरी प्रयोग न करता लगेच डॉक्टरांकडे जा, कारण ती एखाद्या दुसऱ्या घटकाची खरी अ‍ॅलर्जी असू शकते.