सिंक बंद राहणार असल्याची सूचना कशी लिहावी?

प्रश्न: शनिवारी रात्री आमच्या औषध दुकानांचे मुख्य कार्यालयाशी होणारे सिंक बंद राहणार आहे. कर्मचाऱ्यांना सूचना काय द्यावी, आणि कोणते आकडे जुने दिसतील हे कसे सांगावे?

‘देखभालीसाठी प्रणाली बंद राहील’ एवढेच लिहिलेत, तर रात्रपाळीचे लोक सूचना चुकीची समजतील, कारण त्यांच्या काउंटरवर बिले नेहमीसारखीच निघत राहतील. बंद असते ती शाखाशाखांमधली देवाणघेवाण, आणि पडद्यावरचा जुना आकडा ताज्या आकड्यासारखाच दिसतो. म्हणून सूचनेत आकड्यांची नावे घ्यावीत. मी अशी सूचना साधारण पुढीलप्रमाणे लिहितो.

‘शनिवारी रात्री 11 ते रविवारी सकाळी 7 या वेळेत सिंक बंद राहील. आपल्या शाखेचे बिल, शिल्लक माल व गल्ला यांचे आकडे ताजे असतील. इतर शाखांचा शिल्लक माल, ग्राहकांची उधारी आणि सर्व शाखांची एकत्रित विक्री हे आकडे शेवटच्या सिंकच्या वेळचे असतील. नोंद दिसत नाही म्हणून ती पुन्हा करू नये.’

शेवटचे वाक्य वगळू नका. समजा, ग्राहकाने एका शाखेत रात्री 5,000 रुपये भरले आणि तासाभराने तो दुसऱ्या शाखेत गेला. तिथे त्याची उधारी पूर्वीइतकीच दिसते, आणि पावती हातात पाहून तिथला कर्मचारी भाबडेपणाने तीच जमा पुन्हा नोंदवतो. सकाळी सिंक झाल्यावर दोन्ही नोंदी एकत्र येतात आणि खात्यावर 10,000 जमा दिसतात. मालाचेही तसेच आहे. शेजारच्या शाखेत इन्सुलिनच्या 6 व्हायल दिसत असल्या, तरी त्यांपैकी 4 रात्रीत विकल्या गेलेल्या असू शकतात. त्यामुळे ग्राहकाला तिकडे पाठवण्यापूर्वी फोन करून खात्री करून घ्यावी, हेही सूचनेत असावे.

लोक सहसा गाफील राहतात ते सकाळी 7 नंतर. सिंक सुरू होताच सगळे आकडे जुळत नाहीत; रात्रभर साचलेल्या नोंदी शाखेगणिक पुढे-मागे येतात, आणि तोवर एकत्रित विक्री अकारण घसरलेली दिसते. त्यामुळे ‘7 वाजता सर्व सुरळीत’ असे आश्वासन देऊ नये. प्रत्येक शाखेसमोर शेवटच्या सिंकची वेळ दिसत असेल, तर ती सर्व शाखांसमोर 7 नंतरची झाल्यावरच आकडे वापरावेत, असे लिहावे. ती दिसत नसेल, तर आकडे जुळल्याचा निरोप मुख्य कार्यालयातून येईपर्यंत थांबण्यास सांगावे. तुमच्याकडे शिल्लक मालावरून खरेदीची मागणी आपोआप निघत असेल, तर रविवारी सकाळची मागणी तेवढ्या वेळापुरती रोखून धरा, अन्यथा रात्री विकला गेलेला माल तिला शिल्लक वाटेल आणि सोमवारी नेमका तोच माल कमी येईल.