थांबवलेल्या व्हिडिओतलं हसू

"मी स्टेजवर बोलत असतानाचा व्हिडिओ मध्येच थांबवून मैत्रिणीने स्क्रीनशॉट पाठवला. मागे बसलेले ऑफिसातले दोघं माझ्याकडे बघून हसतायत. सोबत एक अक्षर लिहिलेलं नाही. तेव्हापासून मी त्या दोघांशी बोलणं बंद केलंय. डोळ्यांना दिसतंय ते खोटं कसं असेल?"

फोटो खोटा आहे असं मी या ताईंना एकदाही म्हटलं नाही. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तुम्हाला अजिबात न ओळखणाऱ्या माणसालाही जे दिसेल, तेवढंच सांगा, असं म्हणून मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "ते माझी टिंगल करतायत." मी म्हटलं, टिंगल कुठे दिसते ते बोट ठेवून दाखवा. बोट बराच वेळ स्क्रीनवर फिरलं. मग त्या सावकाश सांगू लागल्या. एकाचे ओठ ताणलेले आहेत, दात दिसतायत. दुसऱ्याचा हात तोंडावर आहे. नजर माझ्या दिशेला आहे. त्या दिशेला चौकटीबाहेर आणखी काय होतं, हे मात्र चित्रात कुठेच नव्हतं.

फोनवरच्या व्हिडिओत साधारणपणे सेकंदाला 30 चित्रं असतात. म्हणजे थांबवलेली फ्रेम हा सेकंदाचा तिसावा भाग. "ई" म्हणताना ओठ बाजूला ताणले जातात, दात दिसतात. नेमकं तिथे थांबवलं तर बोलणारा माणूस हसताना दिसतो. पापणी मिटतानाची फ्रेम मिळाली तर तोच माणूस तुच्छतेने बघतोय असं वाटतं. पटावं म्हणून ताईंना त्यांच्याच फोनमधला, त्या आनंदात बोलत असलेला एक व्हिडिओ लावायला सांगितला आणि न बघता मध्येमध्ये थांबवायला लावला. एका ठिकाणी त्या चिडलेल्या दिसल्या, दुसऱ्या ठिकाणी रडवेल्या.

भावना तीव्र असते तेव्हा तर नुसता चेहरा फारच फसवतो. 2012 साली हिलेल अविएझर आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गुण जिंकल्यावर किंवा हरल्यावर लगेच टिपलेले टेनिसपटूंचे फोटो लोकांना दाखवले होते. फक्त चेहरा बघून कोण जिंकलं, कोण हरलं हे लोकांना ओळखता येईना. शरीर दिसलं की ओळखता येत होतं. ताईंच्या स्क्रीनशॉटमध्ये ते दोघं खांद्यापासून खाली पोडियमआड गेले होते.

स्क्रीनशॉटच्या वरच्या कोपऱ्यात 11:40 दिसत होतं. "म्हणजे रात्री सगळे मिळून माझा व्हिडिओ बघत होते," असंही ताईंनी धरून ठेवलं होतं. ते घड्याळ मैत्रिणीच्या फोनचं. स्क्रीनशॉट केव्हा घेतला एवढंच ते सांगतं, आणि इथे सकाळ की रात्र हेसुद्धा नाही. शेजारी कोण होतं, ते तर नाहीच. खालची पट्टी जास्त कामाची होती: 1:12 / 2:38. एकूण 158 सेकंद, म्हणजे जवळजवळ 4740 चित्रं, आणि ताईंकडे आलं होतं त्यातलं एक.

मग आम्ही मैत्रिणीसाठी निरोप लिहिला: "हा व्हिडिओ पूर्ण पाठवशील का? 1:12 च्या आधीचं आणि नंतरचं बघायचंय." ते का हसत होते, असं मी मुद्दाम विचारू दिलं नाही. तसं विचारलं की समोरचा माणूस स्वतःचा अंदाज पाठवतो आणि मग तोच पुरावा होऊन बसतो.

व्हिडिओ आला. आवाज चालू ठेवून, अर्धा मिनिट आधीपासून, मध्ये कुठेही न थांबवता आम्ही तो बघितला. 1:05 ला माइक कर्कश किंचाळला. सभागृह हसलं, ताई स्वतःही हसल्या. मागचे दोघं हसतच एकमेकांच्या कानाशी काहीतरी बोलले, आणि पुढे ती फ्रेम आली.

"पण कानात माझ्याबद्दलच बोलले नसतील कशावरून?" ताईंनी विचारलं. प्रश्न रास्त होता. हसू माइकच्या आवाजानंतर सुरू झालं, हे व्हिडिओत दिसतं. कुजबुज ऐकू येत नाही, त्यामुळे त्याचं उत्तर पूर्ण व्हिडिओतही नाही. मी त्यांना खोटा दिलासा दिला नाही. पूर्ण व्हिडिओ मिळाल्यावर मनातली शंका खरीच निघाल्याचंही मी पाहिलं आहे. तेव्हा निदान काय घडलं ते धरून समोरच्याशी बोलता येतं.

तीच फ्रेम का पाठवलीस, हे ताईंनी मैत्रिणीला सरळ विचारलं. ती म्हणाली, "तुझा चेहरा त्यात सगळ्यात छान आला होता." मागे कोण बसलंय याकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं. कुजबुजीबद्दल त्या दोघांपैकी एकाला विचारायचं की नाही, हे ताईंचं अजून ठरलेलं नाही. बोलणं मात्र त्यांनी पुन्हा सुरू केलं आहे.