फराळाची शेवटची ऑर्डर कधी? आधी मागून मोजा

ताई, फराळाच्या ऑर्डरी घ्यायची पहिलीच दिवाळी आहे, तर शेवटची तारीख अंदाजाने जाहीर करू नका. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. डबे ५ तारखेला घरोघरी पोचवायचे ठरवा आणि तिथून मागे या. चकली, चिवडा, लाडू यांना तीन-चार दिवस पुरतात, म्हणून १ नोव्हेंबर ही शेवटची तारीख. अनारशांचं गणित वेगळं. तांदूळ तीन दिवस भिजणार, मग गुळात मळलेलं पीठ चार-पाच दिवस मुरणार. त्यांची तारीख २५ ऑक्टोबरच ठेवा. मी पहिल्या वर्षी सगळ्याला एकच तारीख दिली आणि न मुरलेल्या पिठाचे अनारसे तुपात विरघळताना बघत बसले!

"दिवाळीआधी ऑर्डर द्या" असं मोघम लिहू नका, लोक धनत्रयोदशीला फोन करतात. असं लिहा:

"अनारसे: रविवार २५ ऑक्टोबर, रात्री ८ पर्यंत. बाकी फराळ: रविवार १ नोव्हेंबर, रात्री ८ पर्यंत. निम्मे पैसे जमा झाले की ऑर्डर पक्की. ७ ते ११ नोव्हेंबर बंद, १२ पासून सुरू."

निम्म्या पैशांचं वाक्य गाळू नका. नाहीतर "मी सांगितलं होतं की" म्हणणारे भेटतातच.

हा मेसेज तीनदा टाका: पंधरा दिवस आधी, तीन दिवस आधी आणि शेवटच्या दिवशी सकाळी. निम्म्या ऑर्डरी त्या शेवटच्या सकाळीच येतात. आठनंतर मात्र नाही म्हणा, अगदी मावशीलासुद्धा. एकीला दिलंत की सोसायटीभर कळतं.

परगावच्या कुरियरचं पुढच्या वर्षी बघू.