कोकमची क्रीम आणि स्किनकेअरची मंजुरी

प्रश्न: कोकम बटरची फूट क्रीम ऑनलाइन विकायची आहे. उद्यम आणि एफएसएसएआय दोन्ही काढलंय. विक्रीच्या साइटवर स्किनकेअर विभागाची मंजुरी मिळवायला अजून काय लागतं आणि किती दिवस जातात?

उत्तर: ते दोन्ही कागद इथे उपयोगाचे नाहीत. उद्यम ही नुसती नोंद, आणि एफएसएसएआय खायच्या वस्तूंसाठी. आगळ-आमसुलं विकत असाल तर जपून ठेवा. अंगाला लावायची क्रीम बनवायला अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांत तो फॉर्म सीओएस-८ वर मिळतो. दुसऱ्याच्या कारखान्यात आपल्या नावावर बनवायची असेल तर लोन लायसन्स, सीओएस-९. घरच्या गॅसवर बनवलेल्या क्रीमला कागद जोडत बसू नका.

आमच्या वेंगुर्ल्याच्या मेव्हण्याला हे पटवता पटवता माझा घसा बसला. त्याने घाटावरच्या एका कारखान्यातून, त्यांच्याच परवान्यावर, क्रीम बनवून घेतली. साइटकडे केलेला मंजुरीचा अर्ज परत आला. म्हणे, ‘साइटवाले मुद्दाम छळतात.’ मी फाइल मागवली. परवान्याला जोडलेल्या उत्पादनांच्या यादीत फूट क्रीम नव्हतीच, फक्त साबण आणि केसांचं तेल. कारखान्याने आधी ती यादीत घालून घ्यायला हवी होती. कारखान्याचं बिल मेव्हण्याच्या स्वतःच्या नावावर, जीएसटी दुकानाच्या नावावर. बिलात ‘क्रीम ५० ग्रॅम’ आणि डबीवर भलतंच ब्रँडनाव. तपासणाऱ्याने हीच ती वस्तू हे ओळखायचं कसं? फोटो म्हणून डिझायनरने केलेलं चित्र जोडलेलं. छापलेल्या खऱ्या डबीचे सगळ्या बाजूंनी फोटो द्यायचे असतात. उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, तारखा, घटक, वजन, एमआरपी सगळं वाचता आलं पाहिजे.

वर डबीवर ठळक अक्षरांत ‘टाचांच्या भेगा बऱ्या करते’. यावर आमचं खरं भांडण. त्याचं म्हणणं, आजी भिरंडेल, म्हणजे हेच कोकम बटर, लावायची आणि भेगा भरायच्या. भरतात की, मीही लावतो! पण बरं करण्याचा दावा केला की ते कायद्याने औषध ठरतं, आणि कॉस्मेटिकचा परवाना तिथे चालत नाही. ‘टाचा मऊ ठेवते’ एवढं लिहा. दोन हजार लेबलं छापून झाली होती, म्हणून तो अजून माझ्यावर फुगलेला आहे.

दिवस किती, हे कागद एकमेकांशी जुळतात का यावर आहे. प्रत्येक साइटची यादी थोडी वेगळी असते. ब्रँड दुसऱ्याचा असेल तर त्याचं अधिकारपत्रही मागतात, आणि बिल फार जुनं चालत नाही. बिलातलं नाव चुकलं असेल तर कारखान्याकडून दुरुस्त बिल घ्या. पीडीएफमध्ये नाव बदलून देणारे बाजारात भेटतील, पण खाडाखोड सापडली तर अर्जाबरोबर अख्खं विक्रेता खातंही जाऊ शकतं.