प्रायव्हेट सबनेटमधून एस-थ्री: सगळ्यात स्वस्त कोणता?

प्रश्न: एडब्ल्यूएसच्या परीक्षेत विचारतात, प्रायव्हेट सबनेटमधून एस-थ्रीला जायला नॅट गेटवे, इंटरफेस एंडपॉइंट, गेटवे एंडपॉइंट, तिन्ही चालतात, मग मोस्ट कॉस्ट-इफेक्टिव्ह कोणता?

उत्तर: गेटवे एंडपॉइंट टिक करा, कारण त्याला चार्जच नाही, फक्त राउट टेबलमध्ये एंट्री पडते. बाकी दोघांचं मीटर रिक्षासारखं, तासाचे पैसे वेगळे आणि जीबीमागे वेगळे, ट्रॅफिक असो नसो तासाचे लागतातच. एडब्ल्यूएसच्या प्रायसिंग पेजवर हे सरळ दिलंय. फक्त प्रश्न नीट वाचा, अंधेरीच्या ऑफिसातले सर्व्हर डायरेक्ट कनेक्टवरून प्रायव्हेटली एस-थ्रीला जाणार असतील तर गेटवे एंडपॉइंट त्यांना वापरताच येत नाही, तो त्या व्हीपीसीपुरताच आणि त्याच रीजनच्या बकेटसाठी, मग इंटरफेसवालाच बरोबर, पैसे लागले तरी.