बोटे, डावे-उजवे, लेखन आणि हिशेब एकाच वेळी का बिघडतात?

प्रश्न: वडिलांना महिन्यापूर्वी सौम्य पक्षाघात झाला. हातपाय चालतात, बोलणेही ठीक आहे. पण लिहिता येत नाही, साधी वजाबाकी चुकते, डावे-उजवे कळत नाही आणि मधले बोट दाखवा म्हटले तर भलतेच दाखवतात. एमआरआयमध्ये डाव्या अँग्युलर गायरसला इजा आहे आणि डॉक्टरांनी ‘गेर्स्टमन सिंड्रोम’ असे लिहिले आहे. या चार गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय? ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात तर नाही ना?

उत्तर:

आधी शेवटच्या शंकेबद्दल. पक्षाघाताच्या झटक्याबरोबर एकाएकी सुरू झालेली आणि एमआरआयमध्ये दिसणाऱ्या इजेशी जुळणारी ही लक्षणे म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. मेंदूच्या एका ठरावीक जागी रक्तपुरवठा तुटला आणि त्या जागेवर अवलंबून असलेली कामे अडली, एवढाच त्याचा अर्थ होतो. हीच लक्षणे पक्षाघाताशिवाय, महिनोन्महिने हळूहळू वाढत आली असती, तर मात्र मेंदूच्या मागच्या भागाची झीज किंवा गाठ यांचा विचार आधी करावा लागला असता.

अँग्युलर गायरस ही डाव्या कानाच्या वर, थोडी मागच्या बाजूला असलेली मेंदूच्या पृष्ठभागावरची घडी आहे. ऐकणे, पाहणे आणि स्पर्श यांचे प्रदेश तिच्या आसपास येऊन भिडतात. मधल्या सेरेब्रल धमनीची एक मागची शाखा या भागाला रक्त पुरवते. ही शाखा तुंबली आणि पुढचा भाग बचावला, तर हातापायांची ताकद शाबूत राहते. वडिलांच्या बाबतीत बहुधा तसेच झाले असावे.

व्हिएन्नाचे मेंदूविकारतज्ज्ञ योझेफ गेर्स्टमन यांनी १९२४ साली एका ५२ वर्षांच्या स्त्रीचे वर्णन प्रसिद्ध केले. तिला स्वतःच्या हाताची बोटे ओळखता येत नव्हती. पुढच्या काही वर्षांत त्यांनी अशा आणखी रुग्णांची नोंद केली आणि बोटांची ओळख हरपणे, डाव्या-उजव्याचा गोंधळ, लेखन जाणे आणि गणित जाणे या चार लक्षणांचा एक संच मांडला. या चौघांच्या मुळाशी एकच बिघाड आहे आणि तो म्हणजे आपल्या हाताचा मनातला आराखडा मोडणे, असे त्यांचे म्हणणे होते. मूल बोटांवर मोजायला शिकते, डावे-उजवे हातांवरूनच ओळखते आणि लिहिते तेही बोटांनी. त्यामुळे ही कल्पना पटकन पटते. ती कुठे टिकते आणि कुठे टिकत नाही, हे मी तपासलेल्या एका रुग्णाच्या आधारे सांगतो, कारण ही लक्षणे जवळून पाहिल्याशिवाय हा वाद नीट कळत नाही.

हे गृहस्थ पन्नाशीतले किराणा दुकानदार होते. त्यांचे बोलणे सरळ होते आणि दाखवलेल्या वस्तूंची नावे ते बिनचूक सांगत. ही खात्री सर्वांत आधी करून घ्यावी लागते. ‘अनामिका दाखवा’ या सूचनेत शब्द समजण्याचाही भाग असतो आणि भाषा बिघडलेला रुग्ण शब्द न कळल्यामुळे चुकू शकतो. म्हणून बोटांची तपासणी शब्दांशिवायही करायची असते. त्यांचा हात पडद्याआड ठेवून मी एका बोटाला स्पर्श करी आणि समोर कागदावर काढलेल्या हाताच्या आकृतीवर तेच बोट दाखवायला सांगे. स्पर्श झाला हे त्यांना लगेच कळे आणि तो टोकदार वस्तूचा आहे की कापसाचा, हेही ते बरोबर सांगत, म्हणजे संवेदना शाबूत होती. अंगठा आणि करंगळी बहुतेक वेळा जमत, पण मधल्या तीन बोटांत सतत अदलाबदल होई. मुख्य म्हणजे हे दोन्ही हातांच्या बाबतीत होत होते. इजा मेंदूच्या डाव्या बाजूला असूनही चूक उजव्या हातापुरती नसते, हीच या लक्षणाची खूण आहे. एकाच हाताच्या बाबतीत चूक होत असेल तर कारण संवेदनेत शोधावे.

याहून बारीक चाचणी १९६२ मध्ये किन्सबोर्न आणि वॉरिंग्टन यांनी मांडली. दोन बोटांना एकाच वेळी स्पर्श करायचा आणि त्यांच्यामध्ये किती बोटे आहेत ते विचारायचे. तर्जनी आणि करंगळी यांच्यामध्ये दोन बोटे असतात. माझे रुग्ण ‘एक’ म्हणाले आणि दुसऱ्या खेपेस ‘तीन’. येथे कोणत्याही बोटाचे नाव घ्यावे लागत नाही, म्हणून भाषेचा अडसर बराच दूर होतो आणि बोटांच्या क्रमाची जाणीव आहे की नाही तेवढेच तपासले जाते.

डाव्या-उजव्याच्या बाबतीत ‘उजवा हात वर करा’ एवढे त्यांना थोडा विचार करून जमे. ‘उजव्या हाताने डावा कान धरा’ म्हटले की उजवा हात उजव्याच कानाकडे जाई किंवा मध्येच थांबे. समोर बसलेल्या माझा डावा हात कोणता, हे तर सांगताच येत नव्हते. जेवायचा हात कोणता असे विचारले की तो मात्र तत्काळ पुढे येई, आणि दोन्ही बाजूंकडे त्यांचे लक्ष सारखेच होते. तेव्हा एका बाजूचे भान सुटणे हा जो वेगळा विकार आहे, तो हा नव्हता. निरोगी माणसांपैकीही काहींना डावे-उजवे पटकन सांगता येत नाही. त्यामुळे आजारापूर्वी कसे होते, हे घरच्यांना विचारल्याशिवाय या एका लक्षणावर फार भार टाकू नये.

लेखनात त्यांची सही सुटसुटीत येत होती आणि समोरचा मजकूर पाहून उतरवताही येत होता. सांगितलेला शब्द लिहायला मात्र हात अडे. ‘किराणा’ लिहिताना वेलांटी ‘र’वर जाई आणि काना सुटे; जोडाक्षर आले की पुढे काहीच येत नसे. तरीही वर्तमानपत्राचे मथळे ते वाचत होते. हाताची ताकद आणि वाचन शाबूत असताना लेखन गेले होते, त्यामुळे प्रश्न बोटांच्या हालचालीचा नसून अक्षरांची जुळणी मनात उभी करण्याचा होता.

गणित हा या तपासणीतला सर्वांत बोलका भाग ठरला. ‘सात आठे’ म्हणताच ‘छप्पन्न’ असे उत्तर ते क्षणात देत, कारण पाढे म्हणजे तोंडी बसलेली भाषा आहे. ८२ मधून ४७ वजा करायला सांगितले तेव्हा त्यांनी उत्तर लिहिले ४५. प्रत्येक स्थानावर मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आणि हातचा घेणे राहूनच गेले. उत्तर ३५ हवे होते, पण ४५ मध्ये काही चुकले आहे असे त्यांना वाटलेही नाही. ३ आणि ७ यांच्या बरोबर मध्ये कोणती संख्या येते, याचे उत्तर त्यांनी ६ दिले. ‘सत्तेचाळीस’ लिहायला सांगितले तर ७४ लिहिले. मराठीत एकक आधी बोलला जातो, त्यामुळे आपल्या रुग्णांत ही चूक मुद्दाम पाहावी. पाढे टिकतात आणि वजाबाकी जाते, हे घरच्यांना फसवे वाटते. ‘पाढे तर येतात, मग हिशेब करायचा कंटाळा करतात’ असा अर्थ कृपया काढू नका.

आता या चौघांच्या नात्याकडे येतो. हाताचा आराखडा मोडल्यामुळेच बाकीचे सारे बिघडत असते, तर बोटांची ओळख गेली की उरलेली तिन्ही लक्षणे ठरलेलीच असायला हवी होती. तसे होत नाही. यांतली दोन किंवा तीनच लक्षणे असलेले रुग्ण पुष्कळ आढळतात. आर्थर बेंटन यांनी १९६१ मध्ये मेंदूला इजा झालेले अनेक रुग्ण तपासून दाखवले की या चार लक्षणांचा आपसातला संबंध वाचन किंवा आकृती जुळवणे यांसारख्या इतर बिघाडांशी असलेल्या संबंधाहून अधिक घट्ट नाही. म्हणून त्यांनी या सिंड्रोमला कल्पितच म्हटले. त्यांचा आक्षेप योग्य होता, पण तो शेवटचा शब्द ठरला नाही. भाषा शाबूत आहे आणि फक्त ही चारच लक्षणे आहेत, असे मोजके रुग्ण १९८० नंतर काळजीपूर्वक नोंदवले गेले. शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या रुग्णांच्या या भागाला सौम्य विद्युतप्रवाह दिला, तेव्हा लेखन, गणित आणि बोटांची ओळख तात्पुरती अडत असे, पण अनेकदा निरनिराळ्या बिंदूंवर. ही निरीक्षणे एकत्र ठेवली तर कामे शेजारी-शेजारी होतात, पण एकाच जागी होत नाहीत, असे दिसते.

यावर मला सर्वांत पटणारे उत्तर एलेना रुस्कोनी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दिले. त्यांनी निरोगी माणसांना ही चारही कामे करायला लावून त्यांच्या मेंदूचे कार्यचित्रण केले. चारही कामांना समान असा पृष्ठभागाचा तुकडा सापडला नाही. मात्र त्या वेगवेगळ्या तुकड्यांपासून निघणारे तंतू पृष्ठभागाखालच्या पांढऱ्या द्रव्यात एका लहानशा जागी जवळ येतात असे दिसले. चार गावांचे रस्ते एकाच पुलावरून जात असतील, तर पूल तुटताच चारही गावांची वाहतूक थांबते आणि गावे मात्र जागच्या जागी असतात. हा प्रकार तसा आहे. म्हणूनच केवळ ही चार लक्षणे असलेला शुद्ध सिंड्रोम इतका विरळा आहे. इजा थोडी सरकली किंवा मोठी झाली, तर एखादे लक्षण गळते किंवा भाषेचे दोष त्यात मिसळतात.

तेव्हा या संचावरून जागा कळते, पण या चार क्षमतांच्या मुळाशी एकच क्षमता आहे असे सिद्ध होत नाही. चारही लक्षणे एकत्र असतील तर इजा डाव्या पॅरायटल भागात, अँग्युलर गायरसच्या परिसरात आहे, हे भरवशाने म्हणता येते. दोनच असतील तर तो भरवसा बराच कमी होतो. इजा कशामुळे झाली हे या लक्षणांवरून कळत नाही. त्यासाठी एमआरआय आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांची तपासणी लागते.

वडिलांच्या बाबतीत या चर्चेचा सरळ उपयोग असा की चारही गोष्टी एका उपचाराने सुधारतील अशी अपेक्षा ठेवू नये. ‘बोटांचे व्यायाम केले की गणितही येईल’ हा सल्ला जुन्या कल्पनेवर उभा आहे आणि त्याला आधार नाही. लेखनावर वाचा-भाषा उपचारतज्ज्ञांकडून आणि हिशेबावर वेगळे काम करून घ्या. जे शाबूत आहे, म्हणजे पाढे, पाहून उतरवणे आणि वाचन, त्यावरून सुरुवात करा. दिशा सांगताना ‘डावीकडे’ऐवजी ‘खिडकीच्या बाजूला’ असे म्हणा. औषधांच्या गोळ्या वारानुसार खणांच्या डबीत दुसऱ्या कोणीतरी भरून ठेवाव्यात. इन्सुलिन चालू असेल तर एककांचा आकडा वडिलांवर अजिबात सोपवू नये. बँकेचे व्यवहारही सध्या कोणीतरी सोबत बसूनच करावेत, कारण सही पूर्वीसारखीच येत असल्यामुळे चेकवरची रक्कम चुकली तरी कोणाच्या लक्षात येणार नाही.