प्रोजेक्टचा कागद वेगळा, जलरंगाचा वेगळा

भुईकोट किल्ल्याच्या प्रोजेक्टसाठी एकच जाड कागद घेऊन त्यावरच प्रिंट आणि चित्र दोन्ही करू नका. सुरुवातीला हीच चूक सर्रास होते.

माहितीच्या पानांना १०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाचा, गुळगुळीत, मॅट कागद पुरे. ७०-७५ जीएसएमच्या झेरॉक्स कागदावर इंकजेटने मोठा फोटो काढला, तर शाई मागे उमटते आणि पान लाटांसारखं होतं. दुकानात लेझर प्रिंटर असेल तर इंकजेटचा ग्लॉसी फोटोपेपर त्यात अजिबात घालू देऊ नका. उष्णतेने त्याचा थर वितळून आत चिकटतो.

किल्ल्याच्या चित्राला मात्र ३०० जीएसएमचा, किंचित खरखरीत कोल्ड प्रेस कागद घ्या. २०० चा घेतलात, तर चारही कडा मास्किंग टेपने पाटाला चिकटवा आणि पूर्ण वाळेपर्यंत काढू नका. नुसती जाडी बघून कार्डशीट उचलू नका. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाका: लगेच आत मुरला, तर त्या कागदाला पाणी लगेच शोषू न देणारं सायझिंग पुरेसं नाही, रंग डागासारखा बसेल आणि ब्रश दोनदा फिरवला की लव निघेल. थेंब थोडा वेळ वर टिकला, तर कागद चालेल.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून आकाश रंगवा, नाहीतर मध्येच वाळून कडा उमटतात.